अर्धी-अर्धी भागीदारी: पैसा, कष्ट आणि बाहेर पडतानाचा हिशोब करारात कसा लिहावा

*प्रश्न: मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र मिळून बेळगावात उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये सीएनसी टर्निंगचं जॉबवर्क सुरू करतोय. तो पुण्याला कंपनीत नोकरी करतो, १० लाख घालणार आहे. माझे २ लाख, पण शेडवर पूर्णवेळ मीच असणार, काम मलाच येतं. बँकेचं १२ लाखांचं कर्ज दोघांच्या सहीने. नफा अर्धा-अर्धा असं बोलणं झालंय. तो म्हणतो, "आपल्यात कागद कशाला?" घरचे म्हणतात, लिहून घ्या. काय काय लिहायचं? आणि उद्या एकाला बाहेर पडायचं झालं तर?*

कागद करायचाच. मित्राला समजवायचं असेल तर विश्वासाचा विषय काढू नका, कायदा काय म्हणतो तेवढं सांगा. तुम्ही काही लिहिलं नाही, तरी करार कोरा राहत नाही. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा ती जागा भरून काढतो. त्याच्या कलम १३ प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर कुठल्याच भागीदाराला कामाचा पगार मिळत नाही, भांडवलावर व्याज मिळत नाही, आणि नफा-तोटा दोघांत सारखा वाटला जातो. म्हणजे तुम्ही दिवसभर मशीनवर उभे राहून पगार शून्य, आणि त्याचे १० लाख अडकून व्याज शून्य. दोघांवरही अन्याय, तोही दोघांची मैत्री शाबूत असताना.

म्हणून हिस्सा शेवटी ठरवा. आधी तीन गोष्टी सुट्या करा: कुणाचे पैसे किती, कुणाचे कष्ट किती, आणि हे दोन्ही फेडून जे उरेल त्यात कुणाचा वाटा किती. पैशाला व्याज, कष्टाला पगार, उरलेल्याला हिस्सा. माझ्याकडे येणाऱ्या भागीदारीच्या भांडणांत बहुतेक वेळा हे तिन्ही एकाच "अर्ध्या"त कोंबलेलं असतं. मग दोन वर्षांनी एक म्हणतो, राबतो मी, आणि दुसरा म्हणतो, पैसे माझे. दोघांचंही खरं असतं.

तुमचेच आकडे घेऊन बघू. भांडवलावर दोघांनाही वर्षाला १२ टक्के व्याज लिहा. आयकरात फर्मला भागीदाराचं व्याज खर्चात धरायची कमाल मर्यादा तेवढीच आहे. तुम्हाला कामाचा पगार महिना २५,००० लिहा. समजा एका वर्षी व्याज-पगार धरण्याआधी ७,४४,००० नफा झाला. व्याज १,४४,००० (त्याचं १,२०,०००, तुमचं २४,०००). पगार ३,००,०००. उरले ३,००,०००. त्यावर फर्मचा कर उपकरासह ९३,६०० जाईल, म्हणजे हातात २,०६,४००, प्रत्येकी १,०३,२००. एकूण तुम्हाला ४,२७,२०० आणि त्याला २,२३,२००. आता हे अर्धं-अर्धं दोघांनाही पटण्यासारखं आहे. पगाराचा आणि व्याजाचा आकडा, किंवा तो काढायची रीत, करारात स्पष्ट लिहिलेली असली तरच फर्मला तो खर्च म्हणून धरता येतो. "भागीदार ठरवतील त्याप्रमाणे" असं लिहिलंत, तर आयकर खातं तो पगार खर्चात धरू देत नाही आणि त्यावर फर्मला कर बसतो. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला मिळणारा पगार आणि व्याज मिळून वर्षाला २०,००० च्या वर गेलं की फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा असतो. तुमच्या अकाउंटंटला हे पहिल्या महिन्यातच सांगून ठेवा.

वाईट वर्षासाठी एक ओळ हवी. नफा कमी पडला तर आधी काय द्यायचं? माझं मत सरळ आहे: आधी पगार, मग व्याज. तुमचं घर त्या पगारावर चालणार आहे, मित्राचं घर पुण्याच्या नोकरीवर चालतं. त्या वर्षीचं व्याज त्याच्या खात्यात जमा धरून पुढे न्यायचं की सोडून द्यायचं, तेही आत्ताच ठरवा.

आता ज्या गोष्टीवर कुणी बोलत नाही तिच्याकडे येतो: तोटा. नफा अर्धा म्हटलं की तोटाही अर्धा, हे कायदा गृहीत धरतो, आणि बुडालेलं भांडवल हासुद्धा तोटाच असतो. समजा धंदा बंद पडला, मशीन विकून बँक आणि इतर देणी कशीबशी फिटली आणि हातात काहीच उरलं नाही. दोघांचे मिळून १२ लाख गेले. अर्ध्या-अर्ध्याच्या हिशोबाने प्रत्येकाने ६ लाख सोसायचे. तुमचे फक्त २ होते. म्हणजे तुम्ही मित्राला खिशातून आणखी ४ लाख द्यायचे, असा हिशोब निघतो. तुम्ही मनात म्हणत असाल की माझे दोन गेले, त्याचे दहा गेले, विषय संपला. तो विषय तसा संपावा असं वाटत असेल तर तसं लिहावं लागेल: भांडवल बुडालं तर ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात, म्हणजे १० ला २, बाहेरची देणी उरली तर ती मात्र अर्धी-अर्धी. मित्राला हे मान्य नसेल, तर त्याला नेमकं काय मान्य आहे ते आजच कळेल. ही बैठक अवघड जाते. पण धंदा सुरू होण्याआधी ती फक्त अवघड असते, बुडाल्यावर ती कोर्टात होते.

हे सगळं तुम्हा दोघांपुरतं. बँकेला तुमच्या वाटण्यांशी काही देणंघेणं नसतं. फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो. बँक सगळे पैसे एकट्याकडूनही वसूल करू शकते. तारणाला कुणाच्या वडिलांचं घर लावणार असाल, तर घर ज्याचं जाईल त्याला दुसऱ्याने किती भरून द्यायचं हे करारात हवंच. साध्या फर्मऐवजी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली तर वैयक्तिक जबाबदारी मर्यादित होते हे खरं, पण बँक सहसा भागीदारांची वैयक्तिक हमी घेतेच, त्यामुळे कर्जापुरता फारसा फरक पडत नाही. तुमच्या आकाराच्या धंद्याला साधी नोंदणीकृत फर्म पुरेशी आहे असं मला वाटतं.

कामाच्या वाटणीत "शेडचं काम तू बघ, हिशोब मी बघतो" एवढं लिहून भागत नाही. कोण कुठला निर्णय एकट्याने घेऊ शकतो ते लिहा. शेडवरचं रोजचं काम, कामगार, टूलिंग, इन्सर्ट, ऑईल, दर ठरवणं तुमच्याकडे. एका वेळी २५,००० पर्यंतची खरेदी विचारल्याशिवाय. जीएसटी रिटर्न, बँकेचा हप्ता, पार्टीकडची वसुली त्याच्याकडे. तो पुण्यात असला तरी हे फोनवर आणि शनिवार-रविवारी होण्यासारखं आहे. नवीन मशीन, नवीन कर्ज, कुणाला जामीन, घरच्या माणसाला कामावर घेणं, आणि एकाच पार्टीकडे ठरावीक रकमेच्या वर उधारी, याला दोघांची लेखी संमती. व्हॉट्सॅपवरचा "चालेल" लेखी धरायचा की नाही, तेसुद्धा लिहा. तो धरावा असं मी सांगतो, कारण तुम्ही खरोखर तसेच बोलणार आहात. फक्त एक ध्यानात ठेवा: ही मर्यादा बाहेरच्या माणसाला माहीत नसेल तर तुमच्या सहीने झालेला व्यवहार फर्मला बांधतोच. म्हणून बँकेला सह्यांचं पत्र वेगळं द्या.

दोघांचं जुळलंच नाही तर? अर्ध्या-अर्ध्यात हा पेच ठरलेला आहे. मशीनच्या बाबतीत तुमचा शब्द अखेरचा, पैशाच्या बाबतीत त्याचा, आणि बाकी ठिकाणी दोघांना चालेल अशा एका माणसाचं नाव आजच घाला. जुना कारखानदार, दोघांचे सर, कुणीही, नातेवाईक नको. मित्राचं नेमणूकपत्रही एकदा वाचा. पुष्कळ कंपन्या नोकराला दुसरा धंदा करू देत नाहीत. आणि उद्या तो नोकरी सोडून शेडवर आला तर त्याचा पगार काय, हे आत्ता ठरवलं तर सोपं जातं.

आता बाहेर पडण्याचं. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

उद्यमबागेतल्याच एका शेडचं प्रकरण माझ्याकडे होतं. करारात बाहेर पडण्याबद्दल एकच ओळ होती: "परस्पर संमतीने हिशोब करण्यात येईल." हिशोबाच्या दिवशी एकाच्या मते मशीन साडेतीन लाखांचं, दुसऱ्याच्या मते सात लाखांचं. परस्पर संमती तिथेच संपली. शटरला दोघांनी आपापलं कुलूप लावलं. आत एका पार्टीची कास्टिंगं मशीनिंगला आलेली होती, पावसाळ्याचे दिवस, सगळ्यावर गंज चढला. पार्टीने मालाचे पैसे मागितले आणि काम कायमचं दुसरीकडे नेलं. भांडण ज्या मशीनच्या किमतीवरून होतं, त्याहून जास्त नुकसान त्या दोन कुलपांनी केलं.

म्हणून करारात किंमत लिहायची नसते, किंमत काढायची पद्धत लिहायची असते. आज लिहिताना दोघांनाही ठाऊक नसतं की बाहेर पडणारा कोण आणि घेणारा कोण, त्यामुळे आज ती पद्धत न्याय्य निघते.

समजा तीन वर्षांनी मित्र म्हणाला, मी निघतो. २० लाखांचं मशीन दर वर्षी १५ टक्के घसारा काढून वहीत साधारण १२.२८ लाखांवर आलेलं असेल. पण वहीतली किंमत म्हणजे बाजारातली नव्हे. करारात लिहा की दोघांनी मिळून ठरवलेल्या व्हॅल्युअरचा आकडा धरायचा. त्याने १४.५ लाख सांगितले असं धरा. माल आणि टूलिंग १.५ लाख, बँकेत १ लाख. पार्ट्यांकडून येणं ६.८ लाख, त्यातलं १.३ लाख १८० दिवसांहून जुनं. जुनं येणं आज हिशोबात धरायचं नाही, येईल तसं अर्धं-अर्धं वाटायचं, नाहीतर न येणाऱ्या पैशासाठी तुम्ही रोख मोजाल. म्हणजे येणं ५.५. एकूण २२.५ लाख. देणं: बँकेचं उरलेलं ६, माल देणाऱ्यांचं २.१, जीएसटी वगैरे ०.४, एकूण ८.५. निव्वळ १४ लाख. त्यातून दोघांचं भांडवल १२ वजा केलं की वाढ २ लाख, प्रत्येकी १. मित्राचे झाले ११ लाख.

यात नावाची किंमत, म्हणजे गुडविल, अजून आलेलं नाही. जॉबवर्कच्या शेडला मी शेवटच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याची एक पट धरायला सांगतो, आणि तो नफा पगार व व्याज वजा केल्यानंतरचा. सरासरी ३ लाख असेल तर गुडविल ३ लाख, त्याचं अर्धं १.५ लाख. यापेक्षा जास्त पट मागणाऱ्याला मी विचारतो, की तुम्ही गेल्यावर ऑर्डर कुणाच्या ओळखीने येणार आहे?

गुडविलमधला हा वाटा पहिल्याच दिवशी पक्का करू नका. तो टप्प्याटप्प्याने पक्का होऊ द्या: दर पूर्ण वर्षाला २५ टक्के, चार वर्षांत पूर्ण. दोघांनाही सारखा नियम. सहा महिन्यांत एखादा निघून गेला तर त्याला भांडवल परत मिळेल, पण ज्या नावासाठी दुसरा पुढे राबणार आहे त्यात वाटा नाही. तीन वर्षांनी निघणाऱ्या मित्राचा ७५ टक्के पक्का, म्हणजे १,१२,५००. त्याचं एकूण १२,१२,५००.

आता खरा प्रश्न: हे पैसे तुम्ही आणणार कुठून? पुष्कळ करारांत इथे "तीन महिन्यांत एकरकमी" असं लिहिलेलं असतं. मग शेड चालू ठेवणाऱ्याला सावकार गाठावा लागतो किंवा मशीन विकावं लागतं. चौथा हिस्सा, साधारण ३ लाख, निघताना द्या आणि उरलेले ९ लाखांच्या आसपास महिन्याच्या हप्त्याने, १० टक्के व्याजासह. पण हप्ते किती हे कमाईकडे बघून ठरवा. मित्र गेला की त्याचं १.२ लाख व्याज वाचेल आणि पूर्ण ३ लाख नफा तुमचा. म्हणजे कर भरण्याआधी महिना ३५,००० हातात. २४ हप्ते केले तर मुद्दल ३७,८९० आणि पहिल्या महिन्याचं व्याज ७,५७८ मिळून ४५,००० च्या वर जातं, जमणारच नाही. ३६ हप्त्यांत सुरुवातीला ३३,००० च्या जवळपास, म्हणजे सगळी कमाई त्यातच. ४८ हप्त्यांत साधारण २६,५०० पासून सुरू होऊन उतरत जातं, ते झेपतं. मित्रालाही हे गणित कागदावर दाखवा. त्याला चार वर्षं थांबावं लागेल, पण पैसे खरोखर मिळतील. हप्ता तीनदा चुकला तर काय, तेही लिहा. मशीन फर्मच्या कर्जात तारण असताना त्याला दुसरं तारण मिळणं अवघड असतं.

"एकाने भाव सांगायचा, दुसऱ्याने त्या भावाने घ्यायचं की द्यायचं ते ठरवायचं" अशी एक अट हल्ली नमुन्यांत दिसते. ती तुमच्या करारात घालू नका. दोघांच्या खिशात सारखे पैसे असतील तेव्हाच ती न्याय्य असते. इथे मित्र कमी भाव सांगेल आणि तुमच्याकडे घ्यायला पैसे नसल्यामुळे तुम्हाला द्यावंच लागेल.

निघण्याची नोटीस सहा महिन्यांची ठेवा. नोटीस लेखी. त्या काळात ऑर्डर, ड्रॉइंग, पार्ट्यांचे संपर्क, जीएसटी आणि बँकेचे पासवर्ड सगळं हाती द्यायचं. शेडचं डिपॉझिट, हेस्कॉमच्या वीज कनेक्शनचं डिपॉझिट कुणाच्या नावावर आहे आणि कुणाच्या पैशातून भरलं, हे सुरुवातीलाच करारात लिहा, कारण ऐन वेळी हेच विसरलेलं निघतं. निघणाऱ्याने लगेच शेजारच्या शेडमध्ये तेच काम सुरू करू नये अशी अट कायद्यात बसते, काळ आणि जागा वाजवी असेल तर. पण उद्या निघणारे तुम्ही असलात तर? सीएनसी हेच तुमचं पोट आहे. म्हणून "हा धंदा करायचा नाही" असं न लिहिता, "फर्मच्या यादीतल्या पार्ट्यांचं काम एक वर्ष घ्यायचं नाही" एवढंच लिहा, आणि यादी जोडा.

दोनच भागीदार असल्याने एक निघाला किंवा वारला की फर्मच उरत नाही. एरवी करारात "मृत्यूनंतर फर्म चालू राहील" असं लिहिता येतं, पण दोघांच्या फर्मला ते लागू पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. म्हणून वेगळं लिहा: राहणाऱ्याला धंदा वरच्याच पद्धतीने विकत घेऊन चालवायचा पहिला हक्क, आणि वारसांना पैसे, भागीदारी नव्हे. नवीन जीएसटी नोंदणी, बँकेत नवीन खातं, कर्जाची नव्याने कागदपत्रं हे सगळं तेव्हा करावं लागेल. आणि बँकेचं काम आधी करा. करारात "निघणाऱ्याची जबाबदारी संपली" असं लिहून बँकेची हमी सुटत नाही. बँकेचं लेखी मोकळं केल्याचं पत्र लागतं. ते मिळेपर्यंत मित्र कागदावर अडकलेलाच असतो. शिवाय निघाल्याची जाहीर नोटीस रजिस्ट्रारकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. ती दिली नाही तर निघाल्यानंतरच्या व्यवहारांतही तो गुंतू शकतो.

आपल्या भागातली एक अडचण. शेड उद्यमबागेत, तर करार कर्नाटकाच्या स्टॅम्पवर, इथल्याच दराने. कुणी म्हणेल चंदगडहून किंवा कोल्हापूरहून पेपर आणतो, तर नको. मुद्रांक कमी पडलेला किंवा चुकीचा करार कोर्टात पुरावा म्हणून उभा राहत नाही, आणि दाखल करायचा झाला तर तुटीच्या दहापट दंड बसू शकतो. उद्या शेड शिनोळीला न्यायचा विचार असेल तर ते महाराष्ट्र: तिथे २७ ने सुरू होणारा वेगळा जीएसटी क्रमांक, इथला २९ चा. असं स्थलांतर दोघांच्या लेखी संमतीनेच होईल असं करारात घाला, कारण मला असे दोघे माहीत आहेत ज्यांच्यातला एक शिनोळीला गेला आणि दुसऱ्याला ते चलनावर कळलं.

फर्मची नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे करून घ्या. कायद्याने सक्ती नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला पैसे बुडवणाऱ्या पार्टीवर दावा लावता येत नाही, आणि भागीदारालाही दुसऱ्या भागीदारावर करारातले हक्क मागता येत नाहीत. फक्त फर्म मोडण्याचा आणि हिशोबाचा दावा लावता येतो.

इथले करार बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये होतात. तुम्ही दोघं एका बैठकीत आधी मराठीत सगळं लिहून काढा, वर दिलेला हिशोब तुमच्या आकड्यांनी करून परिशिष्ट म्हणून जोडा, आणि मगच वकिलाकडे द्या. इंग्रजी मसुदा आला की ओळ-ओळ मराठीशी ताडून बघा, आणि दोन्हींत फरक निघाला तर कुठली प्रत खरी मानायची ती ओळ घाला. प्रत्येक पानावर दोघांची सही, दोन साक्षीदार, एक-एक मूळ प्रत दोघांकडे, आणि बँकेत देण्याआधी तिची झेरॉक्स दोघांच्याही घरच्यांना वाचायला द्या.